करारनाम्याची पानं मागेपुढे झालीत? शिक्का पाहून पीडीएफ लावा

फ्लॅटच्या कागदपत्रांची पीडीएफ नीट कशी लावायची, हा प्रश्न ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतले वाचक सतत विचारतात. कुणी डोंबिवली पूर्वेचा रीसेल फ्लॅट घेतोय आणि बँकेने आधीचे सगळे करारनामे मागितले आहेत. कुणी नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि डीम्ड कन्व्हेयन्सच्या अर्जासाठी प्रत्येक सभासदाचा करार गोळा करत आहेत. झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणलेली फाइल उघडली की एक पान सरळ, एक उलटं, मधलं एखादं गायब आणि एखादं दोनदा आलेलं. पुन्हा स्कॅन करायचं तर जाडजूड दस्ताची शिवण पुन्हा उसवावी लागते.

बहुतेक वेळा पुन्हा स्कॅन करायची गरज नसते. फुकट मिळणाऱ्या आणि तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये पानं हलवता येतात, काढता येतात आणि मध्ये घालता येतात. फक्त एक भेद मनात पक्का ठेवा: तुम्ही स्कॅनमधली चूक दुरुस्त करताय, दस्तात बदल करत नाही. नोंदणीकृत दस्ताच्या पानांचा क्रम नोंदणीच्या दिवशीच ठरलेला असतो आणि तो पानापानावर शिक्क्याने लिहिलेला असतो. पीडीएफ त्या शिक्क्यांप्रमाणे लावायची, एवढंच तुमचं काम.

आधी शिक्का वाचायला शिका

दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेल्या करारनाम्याच्या पानांवर एक छोटा चौकटीचा शिक्का असतो. त्यात कार्यालयाचं संक्षिप्त नाव असतं, म्हणजे ठाण्यासाठी ‘टनन’ आणि कल्याणसाठी ‘कलन’, पुढे कार्यालयाचा क्रमांक. त्याखाली दस्त क्रमांक व वर्ष, आणि शेवटी पानाचा क्रमांक व एकूण पानं, उदाहरणार्थ १७/४८. म्हणजे अठ्ठेचाळीस पानांच्या दस्तातलं हे सतरावं पान.

अनेकांची गल्लत इथेच होते. करारनाम्याच्या तळाशी वकिलाने टाइप केलेला वेगळा पान क्रमांक असू शकतो. तो १२ असेल आणि शिक्का १७/४८ म्हणत असेल, तर दोन्ही बरोबर आहेत. मुद्रांक शुल्काची पावती, चलन वगैरे पानं कराराच्या मजकुराआधी जोडली जातात आणि शिक्क्याची मोजणी तिथूनच सुरू होते. शेवटी जोडलेले सातबारा, बांधकाम परवानगी, ओळखपत्रं आणि दस्त गोषवारा यांनाही त्याच मोजणीत क्रमांक मिळतो. त्यामुळे पानं लावताना टाइप केलेला आकडा सोडून द्या आणि शिक्क्याचाच आकडा धरा.

शिक्क्याची शाई फिकी असते. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ती उडून जाते. दुकानदाराला आधीच सांगा: रंगीत स्कॅन आणि ३०० डीपीआय. फाइल मोठी होईल, पण शिक्का वाचता येईल.

कोणता प्रोग्रॅम घ्यायचा

या कामासाठी `PDF Arranger` सगळ्यात सोपा आहे. तो मुक्त स्रोत आहे, त्याला पैसे पडत नाहीत, पानांवर वॉटरमार्क येत नाही आणि तो इंटरनेटशिवाय चालतो. पडद्यावर सगळी पानं छोट्या चित्रांसारखी समोर येतात आणि माऊसने ओढून त्यांची जागा बदलता येते.

- विंडोजवर: GitHub या संकेतस्थळावर `pdfarranger` नावाचा प्रकल्प आहे. त्याच्या `Releases` पानावरूनच फाइल उतरवा. तिथे इन्स्टॉल करायची आवृत्तीही असते आणि `portable` नावाची, पेनड्राइव्हवरून चालणारीही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायची मुभा नसेल तर ही दुसरी उपयोगी पडते. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या भलत्याच डाउनलोड साइटवर जाऊ नका.
- उबंटू किंवा डेबियनवर: टर्मिनलमध्ये `sudo apt install pdfarranger` लिहा.
- मॅकवर: वेगळं काही नको. `Preview` मध्ये फाइल उघडा, बाजूची छोटी चित्रं दाखवा, पान ओढून हलवा आणि नको ते निवडून डिलीट करा.

पीडीएफ जोडून देणाऱ्या ऑनलाइन साइट भरपूर आहेत. करारनाम्यासाठी त्या वापरू नका. एका दस्तात पॅन, आधार, फोटो, सह्या आणि अंगठ्याचे ठसे एकत्र असतात. तेलंगणात २०१८ साली नोंदणी खात्याच्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यावरून सिमकार्डं सुरू केल्याचं प्रकरण उघडकीला आलं होतं. असा दस्त दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवण्याचं कारणच नाही, कारण हे काम घरच्या कॉम्प्युटरवर होतं. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केला असेल, तर फाइल पेनड्राइव्हवर घेतल्यावर तुमच्यासमोरच दुकानातल्या कॉम्प्युटरवरून आणि त्याच्या रिसायकल बिनमधूनही ती काढायला सांगा.

एक प्रकरण पूर्ण सोडवू

समजा, डोंबिवलीच्या एका फ्लॅटचा २०१२ सालचा करार आहे. पाठपोट छापलेले २४ कागद, म्हणजे शिक्क्याची ४८ पानं. दुकानातला स्कॅनर एका वेळी एकच बाजू घेतो. दुकानदाराने आधी सगळ्या सरळ बाजू घेतल्या, मग गठ्ठा तसाच पालथा करून मागच्या बाजू घेतल्या. तुमच्या हातात दोन फाइली आल्या: `front.pdf` आणि `back.pdf`, दोन्हींत २४-२४ पानं.

पहिल्या फाइलमध्ये १, ३, ५ असं ४७ पर्यंत असायला हवं. गठ्ठा पालथा झाल्यामुळे दुसरी फाइल शेवटाकडून सुरू होते: ४८, ४६, ४४, आणि शेवटी २.

दोन्हींची संख्या सारखी आहे म्हणून लगेच पानं मिसळायला घेऊ नका. आपल्या प्रकरणात दुकानदाराने सुरुवातीला पहिलं पान दोनदा घेतलं आणि पुढे दोन कागद चिकटून गेल्यामुळे ३१ वं पान सुटलं. एक जास्त, एक कमी, म्हणून बेरीज २४ च आली. अशी फाइल तशीच मिसळली तर क्रम १, २, १, ४, ३, ६, ५, ८ असा येतो, ३२ पर्यंत असाच चुकत जातो आणि ३३ पासून आपोआप बरोबर होतो. सुरुवातीची दोन आणि शेवटची काही पानं पाहून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला मधली तीसेक पानं चुकलेली कळतही नाहीत.

म्हणून प्रत्येक फाइल आधी स्वतंत्र तपासा आणि मगच एकत्र करा.

पायरी १: कामाची प्रत करा

दोन्ही मूळ फाइली एका फोल्डरमध्ये बाजूला ठेवा आणि त्यांच्या प्रतींवर काम करा. `PDF Arranger` मध्ये फाइल उघडून `Ctrl+S` दाबलं तर मूळ फाइलच बदलते. त्यामुळे उघडल्याबरोबर `Save As` करून नवं नाव द्या, मग काहीही बिघडलं तरी मूळ हाताशी राहील.

पायरी २: पहिल्या फाइलचे शिक्के वाचा

`front.pdf` ची प्रत उघडा. `Ctrl` दाबून माऊसचं चाक फिरवा, चित्रं मोठी होतील आणि शिक्का वाचता येईल. शेजारी कागद घेऊन आकडे लिहीत जा. आपल्या फाइलमध्ये १, १, ३, ५ असं दिसतं, म्हणजे पहिलं पान दोनदा आलंय. पुढे २९ नंतर थेट ३३ दिसतं, म्हणजे ३१ नाही.

पायरी ३: जास्तीचं पान काढा

दोन्हींपैकी जे पान तिरकं किंवा फिकं आहे त्यावर क्लिक करा आणि `Delete` दाबा. चुकून दुसरंच गेलं तर `Ctrl+Z`. बरीच पानं एकदम काढायची असतील तर `Ctrl` धरून एकेक निवडा, किंवा पहिलं निवडून `Shift` धरून शेवटच्यावर क्लिक करा.

कोरं पान दिसलं म्हणून लगेच काढू नका. त्यावर शिक्का असेल तर ते दस्ताचं पान आहे, कोरं असलं तरी ठेवा. शिक्का नसलेली कोरी पाठ मात्र काढायला हरकत नाही. घडी घालून लावलेल्या नकाशाची मागची बाजू सहसा अशी असते.

पायरी ४: सुटलेलं पान घाला

मूळ दस्त उघडून फक्त ३१ वं पान स्कॅन करून आणा. मग दोन मार्ग आहेत:

- नव्या पानाची फाइल फोल्डरमधून ओढून थेट प्रोग्रॅमच्या खिडकीत २९ आणि ३३ च्या मध्ये सोडा.
- किंवा मेनूतल्या `Import` ने ती आणा. पान भलत्या जागी आलं तर ओढून २९ च्या पुढे न्या.

मोबाइलने काढलेला जेपीजी फोटोही असाच घालता येतो. पण फोटोचं पान बाकी पानांपेक्षा खूप मोठं किंवा लहान येऊ शकतं. तसं झालं तर त्यावर राइट-क्लिक करून पानाच्या आकाराच्या पर्यायातून आकार ठीक करा. शक्यतो मात्र स्कॅनच घ्या, कारण तिरक्या फोटोत शिक्का अर्धवट वाचला जातो.

आता पहिल्या फाइलमध्ये १ ते ४७ ही सगळी विषम पानं क्रमाने आली, एकूण २४. ती जतन करा.

पायरी ५: दुसरी फाइल तपासून उलटी करा

`back.pdf` चेही शिक्के तसेच वाचा. ४८ पासून २ पर्यंत एकही सुटलेलं नाही याची खात्री झाल्यावर `Import` ने ती पहिल्या फाइलच्या शेवटी आणा. पंचविसाव्या जागेपासून पुढची चोवीस पानं निवडा, राइट-क्लिक करा आणि `Reverse Order` निवडा. आता ती २, ४, ६ अशी लागली. निवडलेली पानं सलग असतील तरच हा पर्याय चालतो.

गठ्ठा पालथा करताना वरची बाजू खाली गेली असेल तर ही पानं डोक्यावर उभी दिसतील. निवड तशीच ठेवून `Ctrl` आणि उजवा बाण दोनदा दाबा, सगळी सरळ होतील.

पायरी ६: एकाआड एक मिसळा

तीच चोवीस पानं निवडलेली असताना `Ctrl+X` दाबा. मग पहिल्या पानावर क्लिक करा आणि संपादनाच्या मेनूत पेस्टच्या खास पर्यायांत `Interleave` शब्द असलेले दोन पर्याय शोधा, एक विषम जागांसाठी आणि एक सम जागांसाठी. आपली पानं २, ४, ६ या जागी बसायची आहेत, म्हणून सम म्हणजे `Even` निवडा. पहिल्या चार पानांचे शिक्के १, २, ३, ४ असे दिसले तर झालं. नाहीतर `Ctrl+Z` करून दुसरा पर्याय घ्या.

पायरी ७: सगळे शिक्के शेवटपर्यंत वाचा

ही पायरी गाळू नका. १/४८ ते ४८/४८ एकेक शिक्का पाहत जा, दहा मिनिटांचं काम आहे. काही खुणा लक्षात ठेवा:

- ३० नंतर ३३, मग ३२, ३५, ३४ अशी जोड्यांची अदलाबदल दिसली, तर सरळ बाजूंच्या फाइलमधून ३१ सुटलं आहे आणि तिथून पुढची सगळी पानं एका जागेने सरकली आहेत.
- ३० नंतर थेट ३३ आणि पुढे सगळं बरोबर असेल, तर तो कागद दोन्ही वेळा चिकटून गेला आहे. ३१ आणि ३२ दोन्ही स्कॅन करून तिथे घाला.
- १, २, १, ४, ३ असं दिसलं, तर पहिलं पान दोनदा घेतलं गेलंय.

पहिल्या प्रकारात एकेक पान ओढत बसू नका. `Ctrl+Z` ने पायरी ६ च्या आधी या, सुटलेलं पान त्याच्या जागी घाला आणि पुन्हा मिसळा.

सगळं जुळलं की `Save As` करून `Agreement_2012_48pages.pdf` असं नाव द्या. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवलेलं बरं, काही सरकारी आणि बँकांच्या साइट देवनागरी नावाची फाइल घेत नाहीत.

दुसरे दोन पर्याय

`PDFsam Basic` हाही फुकटचा डेस्कटॉप प्रोग्रॅम आहे. त्यातला `Alternate Mix` हा भाग नेमका याच कामासाठी केलेला आहे. दोन्ही फाइली द्यायच्या, मागच्या बाजूच्या फाइलपुढे `Reverse` वर खूण करायची, की उलटं करणं आणि मिसळणं एकदमच होतं. इन्स्टॉल करताना त्याच कंपनीच्या पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीची चाचणी पुढे केली जाते, तिच्यासमोरची खूण काढून टाका. पानं डोळ्यांनी पाहत हलवायची असतील तर मात्र `PDF Arranger` च बरा.

सोसायटीच्या सेक्रेटरींना पन्नास-साठ करार लावायचे असतील आणि कुणी कमांड लिहिणारं हाताशी असेल, तर `qpdf` हा प्रोग्रॅम वेळ वाचवतो. वरचं मिसळण्याचं काम एका ओळीत होतं:

```
qpdf --empty --collate --pages front.pdf back.pdf z-1 -- full.pdf
```

इथे `z-1` म्हणजे शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत. शिक्के मात्र हा प्रोग्रॅम वाचत नाही. आधीची आणि नंतरची तपासणी तुम्हालाच करायची आहे.

एकाहून जास्त करार असतील तर

रीसेल फ्लॅटला बँक पहिल्या खरेदीपासूनची साखळी मागते: बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेला करार, त्याने दुसऱ्याला विकल्याचा, आणि असंच पुढे. प्रत्येक दस्त आधी स्वतंत्रपणे पुरा करून त्याची वेगळी फाइल ठेवा. सगळे जुळल्यावर जुन्यापासून नव्याकडे या क्रमाने एकेक `Import` करा. इंडेक्स टू दस्ताच्या शिक्क्याच्या मोजणीत नसेल तर त्या-त्या दस्ताच्या लगेच मागे ठेवा. बँकेने वेगळा क्रम लेखी दिला असेल तर तो पाळा, पण एका दस्ताची पानं आतल्या आत हलवू नका.

कराराला जोडलेला सातबारा किंवा बांधकाम परवानगी बँकेने वेगळी मागितली, तर ती पानं दस्तातून कापून काढू नका. ती निवडा, राइट-क्लिक करून `Export Selection` ने वेगळी फाइल तयार करा. दस्तातही ती राहतील आणि वेगळी प्रतही मिळेल.

इथे हात लावू नका

डिजिटल सहीची कागदपत्रं. महाभूमीच्या साइटवरून पैसे भरून घेतलेला डिजिटल सहीचा सातबारा, ई-आधार आणि डिजिटल सही असलेला इंडेक्स टू यांची सही त्या संपूर्ण फाइलला लागलेली असते. एक पान काढलं, घातलं किंवा दुसऱ्या फाइलला जोडलं की सही बाद होते. कागदावरची हिरवी खूण किंवा ‘डिजिटली साइन्ड’ हा मजकूर चित्र म्हणून तसाच दिसत राहतो, म्हणून लोकांची फसगत होते. मूळ फाइल अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडली की सहीचा फलक दिसतो आणि जोडलेली फाइल उघडली की तो नाहीसा झालेला असतो. त्यामुळे अशी फाइल उतरवली तशीच, वेगळी पाठवा. एकत्र फाइल मागितलीच असेल तर जोडलेली प्रत द्या आणि सोबत मूळ फाइलही द्या.

क्रॉप करून माहिती झाकणं. आधार क्रमांकाचा भाग `Crop` ने कापला की पडद्यावर तो दिसत नाही, पण फाइलच्या आत तो तसाच असतो आणि जाणकार माणूस तो परत काढू शकतो. आधारची वेगळी प्रत द्यायची असेल आणि घेणाऱ्याला चालत असेल, तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. दस्तात शिक्क्यासह असलेलं आधारचं पान मात्र दस्ताचाच भाग आहे, ते काढायचं नाही.

पासवर्डची फाइल. ई-आधारला नावाची इंग्रजीतली पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष असा पासवर्ड असतो. अशी फाइल उघडून नव्याने जतन केलीत तर नवी फाइल पासवर्डशिवाय उघडते का ते बघा. उघडत असेल तर ती व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका.

फाइलचा आकार. पानं हलवल्याने फाइल लहान होत नाही. साइटवर ठरावीक एमबीचीच मर्यादा असेल तर दस्ताची पानं गाळू नका. सलग पानांचे दोन भाग करा, नावात `1-24` आणि `25-48` लिहा, किंवा स्कॅनच कमी डीपीआयने पुन्हा घ्या. शिक्का वाचता येणं ही मर्यादा पाळा.

पान मुळातच हरवलं असेल तर तुमचा हक्क

कधी पीडीएफमध्ये पान नसतं आणि कागदातही नसतं. अशा वेळी दुसऱ्या फ्लॅटच्या करारातलं सारखं दिसणारं पान तिथे घालणं ही गंभीर चूक आहे. मजकूर सारखा वाटला तरी शिक्का वेगळ्या दस्ताचा असतो, आणि तो झाकून पान बसवलं तर ती बनावट ठरते. कोरं पान घालून जागा भरूही नका.

- नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांची, म्हणजे पुस्तक क्रमांक १ मधल्या नोंदींची, प्रमाणित प्रत शुल्क भरून कुणालाही मागता येते. दस्त जिथे नोंदला त्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त क्रमांक आणि वर्ष देऊन अर्ज करा. हे दोन्ही आकडे उरलेल्या प्रत्येक पानाच्या शिक्क्यात आहेतच.
- प्रमाणित प्रत आल्यावर त्यातलं एकच पान काढून जुन्या स्कॅनमध्ये खुपसू नका. संपूर्ण प्रमाणित प्रत स्कॅन करा आणि तीच द्या.
- मूळ दस्त कर्जापोटी बँकेकडे असेल तर तो देण्याआधीच रंगीत स्कॅन घेऊन ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने तुम्हाला द्यायची असते. कागद परत घेताना काउंटरवरच १ पासून शेवटपर्यंत शिक्के मोजा आणि मगच पोचपावतीवर सही करा.

पाठवण्याआधी

- पहिल्या आणि शेवटच्या पानाचा शिक्का एकाच दस्त क्रमांकाचा आहे का?
- पीडीएफची पानं = शिक्क्यातली एकूण संख्या + मोजणीबाहेरचा इंडेक्स टू व तत्सम पानं. ही बेरीज जुळते का?
- प्रत्येक शिक्का वाचता येतो का आणि नकाशाच्या कडा कापल्या तर नाहीत ना?
- डिजिटल सहीच्या फाइली वेगळ्या, उतरवल्या तशाच न बदलता ठेवलेल्या आहेत का?
- मूळ स्कॅन फाइली फोल्डरमध्ये शाबूत आहेत का?

बेरीज जुळत नसेल तर फाइल पाठवू नका. बँकेचा वकील किंवा ठाण्यातलं जिल्हा उपनिबंधक कार्यालय एका पानासाठी सगळा अर्ज त्रुटीत काढू शकतं, आणि ते पान शोधायला तेव्हाही हेच शिक्के वाचावे लागतात.